मेलबर्न, २१ नोव्हेंबर २०१६ : वारा फिरला ती संध्याकाळ

२१ नोव्हेंबर २०१६, सोमवार. संध्याकाळी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरावरून एक वादळ गेलं. उन्हाळ्याच्या तोंडावर अशी वादळं त्या शहराला सवयीची आहेत. दिवसभर होरपळ, मग गार वारा, गडगडाट, थोडा पाऊस. पण या वादळानंतरच्या तीस तासांत श्वासाची तक्रार घेऊन रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत नेहमीपेक्षा ३,३६५ माणसं जास्त आली. दहा जण मरण पावले. त्या दहांतले सहा भारतीय किंवा आशियाई वंशाचे होते.

पुढे १,४३५ रुग्णांकडून प्रश्नावली भरून घेण्यात आली. त्यांचं सरासरी वय बत्तीस निघालं. निम्म्याहून थोडे जास्त पुरुष होते. डॉक्टरांनी सांगितलेला, चालू असलेला दमा फक्त २८ टक्क्यांना होता. बाकीच्यांपैकी बहुतेकांची तक्रार एवढीच, की वसंत ऋतूत शिंका येतात, नाक वाहतं, डोळे खाजतात. या आकड्यांतून एक माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. बत्तीस वर्षांचा, पुण्याकडून नोकरीसाठी गेलेला, शहराच्या पश्चिमेला टार्नीट किंवा वेरिबीसारख्या उपनगरात घर घेतलेला. पुढचा घटनाक्रम त्याचा आहे. माणूस कल्पनेतला, वादळ, रुग्णालयं आणि शरीरात जे घडतं ते खरं.

सात वर्षं आधी

तो मेलबर्नला उतरतो तेव्हा त्याला कसलीच ॲलर्जी नाही. पहिल्या ऑक्टोबरात ऑफिसातले लोक रुमाल घेऊन फिरतात आणि त्याला नवल वाटतं.

शहराच्या उत्तरेला आणि पश्चिमेला मैलोन्‌मैल कुरणं आहेत. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी गुराढोरांसाठी लावलेलं रायग्रास तिथे माजलेलं असतं. हे थंड हवेचं गवत. ऑक्टोबर ते डिसेंबर त्याला तुरे येतात आणि वाऱ्यावर परागकण सुटतात. परागकणातली प्रथिनं शास्त्रज्ञांनी एकेक करून ओळखली आहेत. ज्यांना या गवताची ॲलर्जी असते त्यांच्यातल्या बहुतेकांचं शरीर त्यांतल्या दोहोंवर उठतं, लोल पी १ आणि लोल पी ५. महाराष्ट्रात अंगणात उगवणारी हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा, हेही गवतच. पण ते उष्ण प्रदेशातल्या वेगळ्या शाखेतलं. लोल पी १ शी थोडंफार जुळणारं प्रथिन हरळीत आहे, लोल पी ५ च्या जातीचं मात्र नाही. पुण्यात वाढलेल्या शरीराला हे प्रथिन कधी दिसलेलंच नसतं.

पहिल्या वसंतात ते दिसतं. परागकण नाकाच्या ओल्या अस्तरावर बसतो आणि काही मिनिटांत त्यातली प्रथिनं विरघळून बाहेर येतात. अस्तराच्या खाली पहारा करणाऱ्या पेशी असतात. त्या हा ऐवज उचलतात, त्याचे तुकडे करतात आणि जवळच्या लसिका ग्रंथीत नेऊन टी पेशींना दाखवतात. हे सगळ्यांच्याच शरीरात होतं, ज्यांना आयुष्यात एक शिंक आली नाही त्यांच्याही. निरोगी माणसाच्या रक्तात रायग्रास ओळखणाऱ्या टी पेशी सापडतात, त्याविरुद्धची प्रतिपिंडंही सापडतात. म्हणजे निरोगी शरीराला परागकण दिसत नाही असं नाही. ते त्याला ओळखतं आणि सोडून देतं. सोडून देण्याचं कामही पेशीच करतात, नियामक टी पेशी. इतरांना शांत ठेवणं एवढीच त्यांची नेमणूक.

माझ्या मते ॲलर्जीबद्दल बोलताना आपण इथेच चुकतो. प्रतिकारशक्ती ‘कमी’ झाली किंवा ‘जास्त’ झाली म्हणून ॲलर्जी होते असं म्हणतो. प्रश्न जोराचा नसतो. पकड अचूक असते, चुकतो तो निवाडा.

पाच वर्षं आधी

दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात कधीतरी निवाडा फिरतो. नेमका दिवस कोणालाच कळत नाही. त्या दिवशी काहीच होत नाही, साधी शिंकही येत नाही.

काय झालं असावं, हे बऱ्यापैकी माहीत आहे. नाकाचं अस्तर दुखावलेलं असलं, सर्दीच्या विषाणूनं किंवा धुरानं, किंवा खुद्द परागकणातल्या विकरांनी, तर अस्तराच्या पेशी धोक्याचे रासायनिक निरोप सोडतात. तो निरोप आणि लोल पी ५ चा तुकडा एकाच वेळी पोचले, की टी पेशी एका ठरावीक वळणावर जाते. हे वळण मुळात कृमींसाठी राखलेलं आहे. आतड्यातले जंत, कातडीत शिरणारे परजीवी, विंचवा-मधमाशीचं विष, अशा गोष्टी गिळून टाकता येत नाहीत. त्यांना झटकून, धुवून, शिंकून, खोकून बाहेर काढावं लागतं. या वळणावर गेलेली टी पेशी बी पेशीला सांगते, नेहमीची प्रतिपिंडं बनवू नकोस, आयजीई बनव.

हे आयजीई १९६६-६७ च्या सुमारास सापडलं. डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिख, दोन्ही गट स्वतंत्रपणे तिथवर पोचले. इतका उशीर लागण्याचं कारण म्हणजे रक्तात ते अगदी नाममात्र असतं आणि दोन-तीन दिवसांत विरतं. त्याचं खरं ठाणं रक्तात नसतंच. ते नाक, डोळे, घसा आणि श्वासनलिका यांच्या अस्तराखालच्या मास्ट पेशींवर जाऊन बसतं. तिथे मात्र आठवडेच्या आठवडे टिकतं. एका मास्ट पेशीवर आयजीईसाठी लाखांनी जागा असतात आणि पेशीच्या पोटात हिस्टामिननं गच्च भरलेले शेकडो कण.

सगळ्यांचाच निवाडा का फिरत नाही? अनुवंशाचा वाटा आहे. आई-वडिलांना ॲलर्जी असेल तर मुलांना होण्याची शक्यता बरीच वाढते. पण अनुवंश सगळं सांगत नाही. मेलबर्नमध्ये स्थायिक झालेल्या आशियाई लोकांच्या पाहण्यांत दिसलं की जितकी वर्षं राहणं वाढतं तितकं परागज्वराचं प्रमाण वाढतं. जनुकं तीच राहिली, हवा बदलली. नवं प्रथिन कोणत्या वयात, कोणत्या वाटेनं आणि किती प्रमाणात भेटतं, यावर बरंच अवलंबून असतं.

वाटेचा हा मुद्दा शेंगदाण्यानं फार स्वच्छ दाखवून दिला. ज्या तान्ह्या बाळांना इसब असतं त्यांच्या फाटलेल्या त्वचेतून घरातल्या शेंगदाण्याचे सूक्ष्म कण आत जातात आणि शरीर ते शत्रू म्हणून नोंदवतं. तोच शेंगदाणा तोंडावाटे लवकर पोटात गेला तर आतडं त्याला अन्न म्हणून मान्य करतं. लंडनला ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांवर हा प्रयोग झाला आणि २०१५ साली निकाल आले. चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून ज्यांना नियमित शेंगदाणा दिला, त्यांच्यातल्या ३.२ टक्के मुलांना पाचव्या वर्षी ॲलर्जी होती. ज्यांना पूर्ण वर्ज्य केला, त्यांच्यात १७.२ टक्के. कित्येक वर्षं डॉक्टर काळजीपोटी सांगत होते की अशा बाळांना शेंगदाणा देऊ नका. त्या सल्ल्यानं किती मुलांचं नुकसान झालं असेल, या विचारानं वाईट वाटतं. (एकदा ॲलर्जी जडल्यावर घरच्या घरी असा प्रयोग करणं मात्र जिवावर बेतू शकतं.)

आपल्या माणसाला रायग्रास नाकावाटे भेटलं, मोठेपणी, आणि दर वर्षी तीन महिने.

आठ आठवडे आधी

२०१६ चा सप्टेंबर आग्नेय ऑस्ट्रेलियात भरपूर पावसाचा गेला. गवत उंच आणि दाट वाढलं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याला नेहमीप्रमाणे शिंका सुरू होतात. हे आता चौथं वर्ष. सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा शिंका, टाळूला खाज, डोळे लाल. तो औषधाच्या दुकानातून ॲलर्जीची गोळी आणतो. घरच्यांशी फोनवर बोलताना सांगतो, “इथली सर्दी आहे, सगळ्यांनाच होते.” कधी कधी रात्री छातीत थोडं जड वाटतं, पहाटे कोरडा खोकला येतो. त्याचा आणि नाकाचा संबंध तो लावत नाही. लावायला हवा होता. नाक आणि फुप्फुसं ही एकाच नळीची दोन टोकं आहेत. ज्या मास्ट पेशी नाकात आयजीई घेऊन बसल्या आहेत त्यांच्याच जातीच्या पेशी श्वासनलिकांत, तेच आयजीई घेऊन बसलेल्या असतात.

मग इतकी वर्षं फुप्फुसं का वाचली? कारण निव्वळ आकाराचं आहे. रायग्रासचा परागकण तीस मायक्रॉनहून मोठा असतो. दहा मायक्रॉनच्या वरचा कण नाकात आणि घशात अडकतो, बारीक श्वासनलिकांपर्यंत जाऊच शकत नाही.

सोमवार, सकाळी ९

मेलबर्न विद्यापीठाच्या आवारात परागकण मोजायचं यंत्र आहे. बर्कार्ड सापळा म्हणतात त्याला. एका फटीतून ते मिनिटाला दहा लिटर हवा ओढतं, म्हणजे साधारण एक माणूस श्वासावाटे घेतो तेवढी. आत हळूहळू फिरणाऱ्या चिकट पट्टीवर कण बसतात आणि चोवीस तासांनी कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली ते एकेक करून मोजतं. हवेच्या एका घनमीटरमध्ये पन्नासच्या वर गवताचे परागकण म्हणजे ‘जास्त’, शंभरच्या वर म्हणजे ‘अत्यंत जास्त’. त्या सोमवारी आकडा शंभरच्या वर जातो.

सापळा अखंड कण मोजतो. फुटलेल्या कणाच्या आतला माल त्यात धरला जात नाही.

दुपारी ३

पारा ३५ अंशांच्या आसपास. उत्तरेकडून कोरडा, गरम वारा कुरणांवरून शहराकडे येतो आहे. आज संध्याकाळी हवा पालटणार, वादळ येणार हा अंदाज सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे त्याची वाटच बघत आहेत.

मेलबर्नला वादळातल्या दम्याचा अनुभव नवा नव्हता. १९८७, १९८९ आणि २०१० च्या नोव्हेंबरांतही वादळानंतर दम्याचे रुग्ण एकदम वाढले होते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला १९८३ च्या जुलैत हेच झालं होतं. कारणाचा महत्त्वाचा धागाही मेलबर्नच्याच संशोधकांनी १९९२ साली शोधून ठेवला होता. रायग्रासचा परागकण पाण्यात पडला की पाणी शोषून फुटतो आणि त्यातून सुमारे ७०० स्टार्चचे दाणे बाहेर पडतात. हे दाणे अडीच मायक्रॉनहूनही लहान, आणि प्रत्येकात लोल पी ५. ज्ञान होतं. त्याला जोडून सावध करणारी यंत्रणा मात्र नव्हती, आणि मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत टोचणारी गोष्ट हीच वाटते.

संध्याकाळी ५:३०

वादळी ढगांची रांग पश्चिमेकडून सरकते आहे. अशा ढगात हवा दोन्ही दिशांनी वाहते. पुढच्या बाजूला जमिनीवरची गरम हवा वर खेचली जाते आणि तिच्यासोबत परागकणही. मागच्या बाजूनं पावसानं गार झालेली जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. तिची पुढची कड म्हणजे झोताची आघाडी. केरसुणीनं अंगण झाडावं तशी ही आघाडी वाटेतले कण गोळा करत पुढे ढकलते, त्यामुळे तिच्या पट्ट्यात कणांची दाटी होते.

परागकण नेमके कुठे फुटतात यावर संशोधकांचं एकमत नाही. ढगातल्या दमटपणात, गारव्याच्या झोतात, की विजेच्या प्रभावानं? बहुधा एकाहून जास्त गोष्टी मिळून. एक खरं, की धो धो पाऊस झाला असता तर हवा धुतली गेली असती. माणसांना गाठणारी ही हवा पावसाच्या आधी आली.

६:००

आघाडी शहरावर येते. तापमान एकदम दहा अंशांनी उतरतं, हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर जाते. अजून लख्ख उजेड आहे. नोव्हेंबरात तिथे आठनंतर सूर्य मावळतो. लोक कामावरून परतत आहेत. स्टेशनांवर, बसथांब्यांवर, घराच्या आवारात उभे आहेत. दिवसभर बंद ठेवलेल्या खिडक्या गार वाऱ्यासाठी उघडल्या जातात.

आपला माणूस स्टेशनवरून घरी चालत निघाला आहे. तो मोकळा श्वास घेतो. बरं वाटतं.

६:०३

त्या श्वासासोबत स्टार्चचे दाणे नाक चुकवून थेट बारीक श्वासनलिकांत उतरले आहेत. तिथल्या ओलाव्यात लोल पी ५ सुटं होतं आणि मास्ट पेशीपर्यंत पोचतं. एका आयजीईला ते चिकटलं तर काही होत नाही. पण त्याच रेणूची दुसरी बाजू शेजारच्या आयजीईत अडकली आणि दोन्ही जोडली गेली, की पेशीत इशारा जातो. अशा पुरेशा जोड्या जमल्या की पेशी पोटातले कण एकदम बाहेर ओतते. याला मिनिटंसुद्धा लागत नाहीत. निवाडा पाच वर्षांपूर्वीच झालेला, आता उरली होती ती अंमलबजावणी.

हिस्टामिन नळीभोवतीचे स्नायू आवळतं आणि बारीक रक्तवाहिन्यांना गळती लावतं. त्यामुळे अस्तर सुजतं. पाठोपाठ पेशी नवी रसायनं तयार करू लागते. त्यांतली ल्युकोट्राइन्स श्वासनलिका आवळण्यात हिस्टामिनपेक्षा कितीतरी जबर असतात. म्हणूनच खिशातली ॲलर्जीची गोळी इथे पुरी पडत नाही. ती फक्त हिस्टामिनला अडवते. जंत झटकून काढायला हे सगळं रास्त होतं: नळी आवळा, चिकट स्राव सोडा, खोकला आणा. इथे झटकायला जंत नाही आणि आवळली जाते ती श्वासाचीच वाट.

६:१५

घसा खवखवतो. खोकला थांबत नाही. घरी पोचेपर्यंत छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं झालं आहे आणि श्वास सोडताना शीळ वाजते. श्वास सोडताना, हे महत्त्वाचं. आत घेताना छाती फुगते तेव्हा नळ्या थोड्या ताणून उघडतात, सोडताना त्या मिटतात. त्यामुळे हवा आत जाते पण पुरती बाहेर येत नाही. दर श्वासागणिक फुप्फुसात शिळी हवा साठत जाते आणि ताज्या हवेला जागा उरत नाही. शिवाय नळीचं गणित क्रूर आहे. व्यास निम्मा झाला की हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळा पट होतो.

बायको विचारते, “अरे, तुला दमा आहे का?”

तो मान हलवून नाही म्हणतो. त्याला खरंच तसं वाटतं. घरात पंप नाही.

७:००

शहराच्या पश्चिम आणि उत्तर भागांत एकाच वेळी हजारो घरांत हेच चाललं आहे. ०००, म्हणजे तिथला आणीबाणीचा क्रमांक, गर्दीच्या सर्वांत वाईट वेळी साधारण दर साडेचार सेकंदांनी वाजतो आहे. पाच तासांत सुमारे १,९०० फोन आले. रुग्णवाहिका कमी पडल्या तेव्हा अग्निशमन दल आणि पोलीसही धावले. औषधाच्या दुकानांत साल्ब्युटॅमॉलचे निळे पंप संपू लागले. ऑस्ट्रेलियात हा पंप डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानदाराला विचारून घेता येतो. त्या रात्री त्यानं कित्येक जीव वाचवले असणार.

शेजाऱ्याकडे पंप आणि स्पेसर आहे. तो शेजारी दम्याचा जुना रुग्ण, त्याला पद्धत पाठ आहे. माणसाला आडवं करायचं नाही, ताठ बसवायचं. स्पेसरमध्ये एक फवारा, चार श्वास. असे चार फवारे. चार मिनिटं थांबायचं. फरक नसेल तर पुन्हा चार. तरीही नसेल तर ००० ला फोन, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हेच चालू. दुसऱ्या फेरीनंतर शीळ थोडी कमी होते, बोलता येऊ लागतं. शेजारी गाडी काढतो.

८:३०

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात बसायला जागा नाही. लोक भिंतीला टेकून जमिनीवर बसले आहेत. एरवी दम्याचा दाखल रुग्ण बहुतेकदा ओळखीचा असतो. या रात्री डॉक्टरांसमोर तरुण, धडधाकट, पहिल्यांदाच धाप लागलेली माणसं रांगेनं येत आहेत, आणि त्यांत भारतीय, श्रीलंकन, चिनी, व्हिएतनामी चेहरे लक्षात येण्याइतके जास्त.

रांगेत कोणाला आधी घ्यायचं हे ठरवताना मोठ्यानं शीळ वाजणारा रुग्ण सर्वांत धोक्यातला असेलच असं नाही. शीळ वाजते म्हणजे हवा ये-जा करते आहे. छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर काहीच ऐकू येत नसेल, माणूस एका दमात दोन शब्दही बोलू शकत नसेल, अंगाला घाम फुटून गुंगी येत असेल, तर तो माणूस जायच्या बेतात आहे. रक्तातला कार्बन डायऑक्साइडही असाच फसवतो. दम्याच्या झटक्यात माणूस भराभर श्वास घेतो, त्यामुळे सुरुवातीला तो कमी असतो. तो ‘नॉर्मल’ दिसू लागला तर रुग्ण सुधारला नसून थकला आहे.

अतिदक्षता विभागात ३५ जण दाखल झाले. त्या प्रत्येकाला आधीपासून दमा होता. दम्याची सूज काबूत ठेवणारा, रोज घ्यायचा स्टेरॉइडचा पंप त्यांतले बाराच जण घेत होते. ३५ पैकी पाच वाचले नाहीत. दहा मृतांतल्या इतरांपैकी काहींकडे रुग्णवाहिका पोचेपर्यंत उशीर झाला होता.

म्हणजे त्या रात्री दोन प्रकारची माणसं सापडली. पहिल्या प्रकारच्यांना फक्त नाकाची ॲलर्जी ठाऊक होती. ती हजारांनी आली आणि बहुतेक घरी परतली. दुसऱ्या प्रकारच्यांना दमा होता. त्यांच्या श्वासनलिकांचं अस्तर आधीच सुजलेलं, स्नायू जाड झालेले. त्यांच्याकडे आवळण्याआधीच जागा थोडी होती.

मध्यरात्र ते पहाट

त्याला स्टेरॉइडची गोळी दिली आहे, पंपाचे फवारे चालू आहेत. त्याला बरं वाटतं, घरी जायचं आहे. डॉक्टर थांबवून ठेवतात. त्याला राग येतो, पण डॉक्टरांचं बरोबर आहे.

पंपातलं औषध स्नायू सैल करतं. सुजेवर त्याचा उपयोग नाही. आणि सूज आता दुसऱ्या लाटेनं येते आहे. मास्ट पेशींनी आणि त्याच जुन्या टी पेशींनी रक्तातून इओसिनोफिल पेशी बोलावून घेतल्या आहेत. कृमींची कातडी जाळणारी विषारी प्रथिनं त्या पोटात घेऊन फिरतात. संपर्कानंतर चार ते आठ तासांनी त्या श्वासनलिकेत पोचतात आणि ती प्रथिनं अस्तरावर ओततात. संध्याकाळी सहाचा हिशेब लावला तर ही वेळ रात्री दहा ते दोन. गोळीतलं स्टेरॉइड हीच लाट दाबतं, पण त्याला असर दाखवायला काही तास जातात. ते रात्रीच दिलं म्हणून पहाटे उपयोगी पडतं.

सहा वाजता त्याची धाप उतरते.

त्यानंतर

वादळ गेलं, दाणे जमिनीवर बसले. त्याच्या मास्ट पेशी काही दिवसांत पुन्हा भरल्या. आयजीई बनवायची आठवण शरीरात वर्षानुवर्षं राहते, त्यामुळे पुढच्या वसंतात तो त्याच जागी उभा असणार होता. फरक इतकाच की आता त्याला ते माहीत होतं.

निवाडा काही प्रमाणात फिरवता येतो. त्याच गवताचा अर्क अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत इंजेक्शनानं किंवा जिभेखाली दिला, तर शरीरात नियामक टी पेशी वाढतात आणि आयजीजी४ नावाची प्रतिपिंडं तयार होतात. ही प्रतिपिंडं परागकणाचं प्रथिन मास्ट पेशीपर्यंत पोचण्याआधीच धरून ठेवतात. लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी हा उपाय १९११ साली गवताच्या परागकणांवरच सुरू केला. त्याला साधारण तीन वर्षं चिकाटीनं द्यावी लागतात, आणि सर्वांना सारखा गुण येत नाही.

व्हिक्टोरिया राज्यानं २०१७ पासून वादळी दम्याचा अंदाज सुरू केला. १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर, रोज, जिल्हावार. हवेतलं गवत आणि वादळाचा झोत दोन्ही जुळून आले तरच धोक्याची पातळी वर जाते. अंदाज ‘उच्च’ असेल त्या दिवशी वादळाच्या आधी घरात जायचं, खिडक्या लावायच्या, गाडीत असाल तर बाहेरची हवा आत घेणारा झरोका बंद करायचा. ज्यांना दमा आहे त्यांनी सूज काबूत ठेवणारा पंप ऑक्टोबरच्या आधीपासून रोज घ्यायचा, बरं वाटत असलं तरी. आणि ज्यांना फक्त शिंका येतात त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरात डॉक्टरांकडे जाऊन विचारायचं, की रात्रीचा खोकला कशाचा आहे. हातावर रायग्रासच्या अर्काचा थेंब टाकून सुईनं हलकं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत तिथे गांधी उठते की नाही ते बघतात. गांधी उठली तर घरात एक निळा पंप आणि एक स्पेसर हवा, आणि तो कसा वापरायचा हे घरातल्या दुसऱ्या माणसालाही यायला हवं.